दुव्याला उत्तर काय येतं?

अनुवादकांच्या एका छोट्या बैठकीत जॉर्डनमधली एक कथा वाचली जात होती. पहिल्याच पानावर एक गिऱ्हाईक सुताराच्या दुकानात शिरतं आणि म्हणतं, 'यअतीक अल-आफिया.' या दोन शब्दांवर आमची संध्याकाळ गेली. एकाचं म्हणणं, 'देव तुला आरोग्य देवो' असंच लिहिलं पाहिजे, नाहीतर अरबी माणसाच्या बोलण्यातला देव आपण चोरतो. दुसऱ्याचं म्हणणं, हा नुसता शिष्टाचार आहे, 'धन्यवाद' लिहा आणि पुढे चला. तिसऱ्याला शब्द जसेच्या तसे ठेवून खाली तळटीप हवी होती. मग 'देव' की 'अल्ला' यावर आवाज चढले. सुतार त्यावर काय म्हणाला, हे मात्र कुणी विचारलं नाही, आणि ते पुढच्याच ओळीत होतं.

माझं म्हणणं असं की या दुव्यांचा अनुवाद शब्दांचाही करायचा नसतो आणि नुसत्या 'अर्था'चाही नाही. कोण कुणाला, कोणतं काम चालू असताना, आत येताना की बाहेर पडताना म्हणतो आहे आणि समोरच्यानं त्याला काय उत्तर द्यायचं आहे, ही सगळी जोडी उचलावी लागते. मराठीत 'दुवा' हा आशीर्वादही आहे आणि साखळीची कडीही. दोन शब्द वेगवेगळ्या वाटांनी आले असतील, पण इथे दोन्ही अर्थ लागू पडतात. एकटी कडी उचलली की साखळी सुटते.

आधी तो सुतार. 'आफिया' म्हणजे निरोगीपण, अंगातलं बळ, दुखण्यातून आणि संकटातून सुटका, सगळं एकत्र. जॉर्डन, सीरिया, लेबनॉन, पॅलेस्टाईन या पट्ट्यात हे वाक्य दिवसातून कितीदा तरी कानावर पडतं. एखादा माणूस काम करताना दिसला की त्याच्याजवळ जाताना ते म्हणायचं. इथे त्याचं काम आपल्याकडच्या 'राम राम'चं किंवा 'काय, जोरात चाललंय काम?'चं. कामगाराचं काम संपलं, त्यानं हात पुसले, की तेच वाक्य म्हणायचं. आता ते 'दमलात हो, खूप केलंत' होतं. टॅक्सीतून उतरताना, दुकानातून निघताना, फोन ठेवताना म्हटलं की ते 'बरंय, येतो' होतं. साहेबानं दुपारी चार वाजता कारकुनाला म्हटलं तर त्यात 'झालं तेवढं पुरे, जा घरी' असंही असू शकतं. शब्द तेच, काम मात्र चार. आणि चारही ठिकाणी उत्तर एकच: 'अल्ला यआफीक', म्हणजे तुलाही तो आफिया देवो.

'देव तुला आरोग्य देवो' हे मराठी वाक्य यांतल्या कुठल्या जागी बसतं? एकाही नाही. रंधा मारणाऱ्या माणसाला दारातून कुणी असं म्हणालं तर तो रंधा खाली ठेवून विचारेल, 'का हो, मी आजारी दिसतो का?' मराठीत करो, देवो, लाभो ही रूपं शुभेच्छापत्रावर, व्यासपीठावर आणि श्रद्धांजलीच्या फलकावर राहतात. बोलण्यात ती आली की एकतर म्हातारी आजी बोलत असते, नाहीतर कुणीतरी वैतागून 'देव तुझं भलं करो' म्हणून हात झटकत असतो. अरबीत तशी विभागणी नाही. तिथे शाळकरी पोरगाही रोज सकाळी ब्रेडवाल्याला हेच म्हणतो. शब्द जपायच्या नादात आपण त्या पोराला प्रवचनकार करून टाकतो.

शब्दशः अनुवादाची बाजू घेणाऱ्यांचा मुद्दा मात्र फालतू नाही. ते विचारतात, रोजच्या बोलण्यात इतक्या वेळा देवाचं नाव घेणं हीच जर त्या समाजाची रीत असेल, तर ते काढून टाकायचा अधिकार अनुवादकाला कुणी दिला? प्रश्न खरा आहे. पण ऐकणाऱ्याच्या कानात तो देव किती मोठ्यानं वाजतो, हेही विचारायला हवं की नाही? इंग्रजीतलं 'गुडबाय' हे 'गॉड बी विथ यी' या वाक्याचं झिजलेलं रूप आहे. लंडनमधला माणूस बसमधून उतरताना 'बाय' म्हणाला, तर त्याचं अरबी भाषांतर 'ईश्वर तुझ्यासोबत असो' असं कुणी करत नाही. इंग्रजांचा देव झिजून गेला असं आपण मान्य करतो, आणि अरबांचा मात्र प्रत्येक वाक्यात पूर्ण उंचीनं उभा करतो. हा आदर आहे, की लांबच्या माणसाला सदैव प्रार्थनेतच पाहण्याची सवय?

ती सवय जुनी आहे. एडवर्ड लेननं १८४० च्या सुमारास आणि रिचर्ड बर्टननं १८८५ पासून 'अरेबियन नाइट्स' इंग्रजीत आणल्या तेव्हा बगदादच्या हमालाच्या तोंडी जुन्या इंग्रजी बायबलची भाषा आली. त्यांच्या काळातला लंडनचा हमाल तसं बोलत नव्हता, बगदादचाही बोलत नसणार. पण इंग्रजी वाचकाच्या मनात अरब माणूस कायमचा दोनशे वर्षं मागे आणि एक हात आभाळाकडे अशा अवस्थेत उभा राहिला. शब्दाला शब्द देणारा अनुवाद प्रामाणिक असतो हा समज इथेच लंगडा पडतो. शब्द खरे असूनही माणूस खोटा उतरतो.

याहून जुना आणि मला जवळचा दाखला बायबल जर्मनमध्ये आणणाऱ्या मार्टिन ल्यूथरचा. देवदूत मेरीला जे अभिवादन करतो, त्यातल्या 'कृपेनं भरलेली' या लॅटिन शब्दांचं शब्दशः जर्मन त्यानं केलं नाही, म्हणून त्याच्यावर टीका झाली. १५३० मध्ये त्यानं जाहीर पत्रातून उत्तर दिलं. 'भरलेली' म्हटलं की जर्मन माणसाच्या डोळ्यांपुढे बिअरनं भरलेलं पिंप किंवा पैशांनी भरलेली थैली येते, असं तो म्हणाला. देवदूत जर्मन असता तर तो 'प्रिय मेरी' एवढंच म्हणाला असता. भाषा कशी बोलतात ते घरातल्या आईला, रस्त्यावरच्या पोरांना आणि बाजारातल्या माणसाला विचारा, असा त्याचा सल्ला. हे लिहिणारा माणूस देवाला भाषांतरातून घालवायला निघाला नव्हता, हे लक्षात घ्या.

मग दुसरी बाजू बरोबर आहे का? लिहावं सरळ 'धन्यवाद'? इथे मी माझ्याच चुकीकडे येतो. मुंबईत अरब देशांतून बरेच रुग्ण उपचारांना येतात आणि मी काही वर्षं त्यांच्यासाठी दुभाष्याचं काम केलं. सुरुवातीच्या दिवसांत मला या 'मतलबाच्या' अनुवादाचा फार अभिमान होता. इराकमधल्या बसऱ्याहून आलेले एक वृद्ध गृहस्थ पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर पडून होते. सकाळच्या फेरीत डॉक्टरांनी विचारलं, 'आज दुखणं कसं आहे?' ते म्हणाले, 'अल-हम्दु लिल्लाह.' मी सांगितलं, 'बरं आहे म्हणतात.' डॉक्टरांनी तसं लिहिलं आणि वेदनाशामक कमी केलं. संध्याकाळी नर्सनं मला बोलावलं. आजोबा भिंतीकडे तोंड करून चादरीचं टोक दातांत धरून पडले होते.

'अल-हम्दु लिल्लाह' म्हणजे 'स्तुती देवाची'. 'कसे आहात?' या प्रश्नाला हे उत्तर कोणत्याही अवस्थेत बरोबर ठरतं. ताप उतरला तरी तेच, हात मोडला तरी तेच. तक्रारीनं सुरुवात करणं शोभत नाही, एवढंच ते सांगतं. दुखतंय की नाही याबद्दल त्यात अक्षर नाही. नंतर मी काही खुणा शिकलो. इराकी माणूस आधी 'झेन' म्हणजे 'बरं' म्हणाला आणि मग देवाची स्तुती केली, तर थोडाफार विश्वास ठेवावा. नुसतंच 'अल-हम्दु लिल्लाह' आलं तर उत्तर अजून यायचं आहे असं समजावं. आणि 'अल-हम्दु लिल्लाह अला कुल्लि हाल', म्हणजे 'कोणत्याही परिस्थितीत स्तुती त्याचीच', असं लांबवून आलं, तर बहुधा परिस्थिती वाईट आहे. त्यानंतर मी डॉक्टरांना सांगू लागलो, 'देवाची कृपा आहे म्हणतात, पण दुखण्याबद्दल अजून बोललेले नाहीत. शून्य ते दहात किती, ते विचारतो.' पहिल्या दिवशीच्या आजोबांनी आठ सांगितलं.

ज्यांना वाटतं की हे त्यांच्याकडचंच काहीतरी गूढ आहे, त्यांनी आपल्या काकांना दवाखान्यात विचारून पाहावं. 'देवाच्या दयेनं बरं आहे' हे वाक्य किती दुखण्यांवर पांघरूण घालतं, ते कोणतीही मराठी नर्स सांगेल. आणि हेच शब्द अरबी पंगतीत आले तर? यजमानीण आणखी भात वाढायला येते, पाहुणा ताटावर हात आडवा धरून 'अल-हम्दु लिल्लाह' म्हणतो. तिथे त्याचा अर्थ 'पुरे, पोट भरलं'. शिंक आल्यावर शिंकणाराच म्हणतो, आणि शेजाऱ्यानं 'यर्हमुकल्ला', देवाची तुझ्यावर दया असो, असं उत्तर द्यायचं असतं. एका शब्दाला एक मराठी प्रतिशब्द ठरवून टाकणाऱ्यानं या तीन जागी काय करायचं?

'धन्यवाद'वाल्यांची आणखी एक अडचण आहे. आभाराचे सगळे अरबी दुवे एका मापाचे नसतात. 'शुक्रन' म्हणजे साधं थँक्यू. 'जझाकल्लाहु खैरन' म्हणजे 'देव तुला याचं चांगलं फळ देवो', आणि त्यात न बोललेली एक कबुली आहे की हे फेडणं माझ्या कुवतीबाहेर आहे, म्हणून हिशेब वर पाठवतो. रस्ता दाखवणाऱ्याला ते सहज म्हटलं जातं, तिथे 'बरं झालं हो भेटलात' पुरतं. पण कर्ज माफ करणाऱ्याला, रक्त देणाऱ्याला म्हटलं जातं तेव्हा 'धन्यवाद' लिहिणं म्हणजे हजाराच्या नोटेला चिल्लर देणं. मराठीत याला जागा आहे: 'हे उपकार कसे फेडू?' आपल्या आभारप्रदर्शनातलं ते झिजलेलं वाक्य, 'आभार मानून ऋणातून मुक्त व्हायचं नाही', ते तरी काय सांगतं? ऋण आणि फेड ही कल्पना मराठी माणसाला समजावून द्यावी लागत नाही.

तिसरा पक्ष तळटीपवाल्यांचा. त्यांचा मुद्दा मला सगळ्यांत वजनदार वाटतो: इन्शाल्ला, माशाल्ला, सुभानल्ला हे शब्द मराठी वाचकाला ठाऊक आहेत, मग भाषांतराचा खटाटोप कशाला? त्यातले काही मीही तसेच ठेवतो. पण हे शब्द आपल्याकडे उर्दूतून आणि हिंदी गाण्यांतून आले आहेत. सुंदर चेहरा दिसला की 'सुभानल्ला', एवढंच आपल्या कानाला माहीत. अरबी बोलणारा तेच आश्चर्यानं म्हणेल, हताश होऊन म्हणेल, 'काय माणूस आहे हा!' अशा सुरातही म्हणेल. ओळखीचा शब्द वाचकाला थांबू देत नाही, आणि चुकीच्या अर्थावरून तो आत्मविश्वासानं पुढे जातो. अनोळखी शब्दापेक्षा हे जास्त धोक्याचं.

शिवाय 'अरबी' ही एकच भाषा धरून चालणंही फसवं आहे. आपला तो सुतार जॉर्डनचा होता म्हणून बरं. मोरोक्कोच्या बोलीत 'आफिया' म्हणजे आग. अम्मानहून कासाब्लांकाला गेलेल्या माणसानं तिथल्या दुकानदाराला सवयीनं 'यअतीक अल-आफिया' म्हटलं, तर त्या बिचाऱ्याला ऐकू येतं, 'देव तुला आग देवो.' जे वाक्य अरबांच्याच एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्यायचं तर बदलावं लागतं, ते मराठीत मात्र जसंच्या तसं न्यायचं, हा हट्ट कशासाठी? आणि तळटीप अर्थ सांगते, पण उत्तर देत नाही. चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकन भाषावैज्ञानिकानं १९६०च्या दशकात सीरियातली अरबी ऐकताना नोंदवलं की अशा दुव्याचं उत्तर बहुतेकदा त्याच धातूतून येतं. केस कापून किंवा अंघोळ करून आलेल्याला 'नईमन' म्हणतात, तो 'अल्ला यिन्अम अलेक' म्हणतो. प्रवासातून परतलेल्याला 'हम्दिल्ला अस्सलामे' म्हणतात, उत्तर 'अल्ला यिसल्मक'. पहिल्यानं टाकलेला शब्दच दुसरा झेलून परत देतो. मराठीत तो धातू सापडणार नाही, पण फेक आणि झेल सापडते. 'बरे आहात ना?' 'तुमच्या आशीर्वादानं.' आपल्याकडेही जोडी आहे. अनुवादकानं तिचे दोन्ही अर्धे एकाच वेळी ठरवले पाहिजेत. दुसरा अर्धा जमत नसेल, तर पहिला चुकलाय असं समजावं. हीच माझी कसोटी.

तिचा कस लागला तो इराकी लोकांच्या एका लाडक्या वाक्यावर: 'अल्ला यिर्हम वाल्देक.' शब्दशः, 'देव तुझ्या आईवडिलांवर दया करो.' पाण्याचा ग्लास दिला की म्हणतात, खिडकी बंद करा अशी विनंती करतानाही म्हणतात. ते आजोबा बरे होऊ लागले तेव्हा त्यांच्या बायकोनं ड्रेसिंग बदलणाऱ्या नर्सला हे म्हटलं. मी नुकताच मतलबी अनुवादाच्या पापातून बाहेर आलो होतो, म्हणून इमानेइतबारे शब्दशः सांगितलं. नर्सचा हात थांबला. 'माझे आईवडील आहेत अजून,' ती म्हणाली. तिच्या वडिलांना त्याच आठवड्यात गावाकडे दवाखान्यात ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं.

तिचं काही चुकलं नव्हतं. खुद्द अरबीतही एखाद्याचं नाव घेऊन 'अल्ला यिर्हमो' म्हटलं की तो माणूस गेला असं समजतात. फक्त या ठरलेल्या वाक्यात ती मरणाची छाया उरलेली नाही. आईवडील जिवंत असोत नसोत, ते चालतं. मग बोलणाऱ्या बाईला काय म्हणायचं होतं? तू इतकं चांगलं वागतेस त्याचं पुण्य तुला वाढवणाऱ्यांच्या पदरात पडो. हे मराठीत नाही? 'धन्य तुझे आईबाप!' आईवडील वाक्यात राहतात, आशीर्वाद राहतो, मरण जातं. आणि नर्सला त्यावर उत्तरही देता येतं: 'अहो, माझं कामच आहे ते.' इंग्रजीत मात्र इथे हात टेकावे लागतात. 'तुझ्या आईवडिलांनी तुला छान वाढवलंय' हे इंग्रजी वाक्य बरं आहे, पण पाण्याच्या ग्लासाला ते जड होतं. तिथे 'थँक यू, डिअर' म्हणून आईवडिलांना सोडून द्यावं लागतं.

म्हणूनच अरबीतून मराठीत येताना इंग्रजीच्या पुलावरून येऊ नये, असं मी पुन्हा पुन्हा सांगतो. तो पूल अरुंद आहे, तिथे निम्मं सामान आधीच पाण्यात जातं आणि उरलेलं 'गॉड ब्लेस यू'च्या गाठोड्यात येतं. मराठीच्या शेजारीच बघा. गोव्यात कोंकणीत आभार मानताना 'देव बरें करूं' म्हणतात. ते म्हणणाऱ्याला आपण स्तोत्र म्हणतोय असं वाटत नाही, आणि त्यातला देव गेलाय असंही वाटत नाही. आपण स्वतः निरोप घेताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो, बांगडी फुटली तर 'वाढवली' म्हणतो, जेवून उठताना 'अन्नदाता सुखी भव' म्हणतो. नजर लागू नये म्हणून बाळाच्या गालाला तीट लावतो, आणि अरब बाई तेच काम 'माशाल्ला' या शब्दानं करते. लेबनॉनमधली पाहुणी जेवण चाखून 'तिस्लम इदेकी', तुझे हात सुखरूप राहोत, असं म्हणते तेव्हा मराठीत 'धन्यवाद' शोधत बसायचं कारण नाही. 'काय चव आहे गं तुझ्या हाताला!' म्हटलं की हातही आले आणि कौतुकही. सुखरूपपणाची इच्छा तेवढी गेली. ती गेली हे मी लपवत नाही. कथेत पुढे त्याच हातांना भाजणार असेल, तर मी चव सोडून सुखरूपपणा ठेवीन आणि वाक्य थोडं अवघडू देईन.

'देव' की 'अल्ला' हे भांडणही याच कसोटीवर बरंचसं मिटतं. दमास्कसचा ख्रिस्ती न्हावीही 'अल्ला'च म्हणतो. अरबी बायबलात देवाला तोच शब्द आहे. त्याच्या तोंडी मराठीत 'अल्ला' घातला तर वाचक त्याला मुसलमान समजेल, आणि ते चूक आहे. रत्नागिरीच्या मुस्लिम मोहल्ल्यातली आजी मराठीत बोलतानाही 'अल्ला' म्हणत असेल, तर तिचा 'देव' करणंही चूकच.

आजोबांना घरी सोडलं त्या दिवशी कसोटी उलट्या बाजूनं लागली. व्हीलचेअर लिफ्टपाशी आली तेव्हा तीच नर्स हसून म्हणाली, 'आजोबा, आता परत येऊ नका हं इथं.' आपल्याकडे दवाखान्यातून निघणाऱ्याला कुणी 'या पुन्हा' म्हणत नाही. पण हे अरबीत शब्दशः सांगितलं असतं तर हजारो किलोमीटरवरून आलेल्या पाहुण्याला दारातून हाकलल्यासारखं झालं असतं. दोघं नवरा-बायको माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, 'मा तशूफ शर्र.' तुमच्या दृष्टीस वाईट न पडो. आजोबांनी नर्सकडे वळून छातीवर हात ठेवला. 'अश-शर्र मा यिजीच,' ते म्हणाले, वाईट तुझ्याकडे न येवो. नर्सनं विचारलं, 'काय म्हणाले?'

'तुमच्या घरचेही लवकर बरे होवोत म्हणतात,' मी सांगितलं.